पडायचं नाही

"संडासला कसे जाता?" नर्स रोंडाने विचारलं.

"पायांनी," म्हातारा म्हणाला.

"ते कळलं हो. एकटे जाता की कुणी बरोबर लागतं?"

"वऱ्हाडी लग्नाला न्यायचे असतात, पोरी, तिकडे नाही."

रोंडा हसली. हसू येण्यासारखी कामाची पाळी नव्हती ती. गावात तापाची साथ होती, निम्मे कर्मचारी घरी अंथरुणात, आणि चौथ्या मजल्यावरच्या वॉर्डात एकेका नर्सच्या अंगावर दीडपट पेशंट. त्यात हा आर्वो हाकाला नावाचा म्हातारा नुकताच तातडीच्या विभागातून वर आला होता. ऐंशी ओलांडलेला, न्यूमोनिया, हाताला सलाईनची सुई, अंगात ताप आणि जीभ मात्र ठणठणीत. खिडकीखाली सुपीरियर सरोवर गोठून पांढरं पडलं होतं. त्याच्या काठाकाठाने वर गेलं की याचं घर लागतं, असं त्याने रोंडाला न विचारता सांगितलं होतं. एरवी फिनलंडहून येऊन वसलेले हे फिनिश म्हातारे विचारल्यावरसुद्धा बोलत नाहीत.

नवा म्हातारा माणूस वॉर्डात आला की तो पडेल का, याचं मोजमाप पहिल्या दिवशीच करायचं असतं. प्रश्न ठरलेले. पूर्वी पडलाय का, दुसरे आजार काय, चालताना कशाचा आधार घेतो, सुई लावलीय का, चाल कशी आहे, आणि शेवटचा, स्वतःला काय जमतं आणि काय जमत नाही याची त्याला समज आहे का. प्रत्येकाचे गुण. बेरीज जितकी मोठी, तितकी जोखीम मोठी. परीक्षेतले गुण वाढले की आई पेढे वाटते, इथले वाढले की धोक्याचा पिवळा पट्टा मिळतो.

"गेल्या तीन महिन्यांत पडलात कधी?"

"नाही. अंगणात घसरलो होतो एकदा. पण मी बसलो, पडलो नाही."

"बूड जमिनीला टेकलं ना?"

"टेकलं."

"मग आमच्याकडे त्याला पडणंच म्हणतात."

"तुमच्याकडे बसायचीसुद्धा सोय नाही म्हणजे," आर्वो म्हणाला आणि खोकत सुटला.

रोंडाने त्याला उभं करून चालवून पाहिलं. दरवाजापर्यंत गेला आणि आला. पावलं आखूड होती, वाक होता, पण तोल सुटत नव्हता आणि वळताना त्याने स्वतःहून काठी आधी टेकली. बर्चची काठी, त्याने स्वतः तासलेली. फक्त तळाचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. झिजल्या रबराची काठी वॉर्डात चालत नाही, फरशीवर सरकते. फिजिओबाई येऊन तपासतील आणि हवा तो वॉकर किंवा नवी काठी देतील, असा नियम. रोंडाने काठी कपाटात ठेवली.

"ती माझी आहे," तो म्हणाला.

"कुठं पळून जात नाही ती. मोइरा येऊन बघेल, मग देऊ."

"मला घरी जायचंय," त्याने ठणकावून सांगितलं. "हेल्मीला दिसत नाही. बायको माझी. शेजारीण बसलीय तिच्याजवळ, पण ती किती दिवस बसणार? मी हेल्मीचे डोळे, चार लोकांत बोलायला ती माझं तोंड. असा आमचा संसार चाललाय."

समाजसेविकेने खालीच सगळं लिहून घेतलं होतं. घराच्या दाराला पायऱ्या, आत लाकडांची शेगडी, मागे सौना, वाफेच्या अंघोळीची खोली. हा आपल्या पायांनी पायऱ्या चढला तर दोघं घरी राहतील, सकाळी मदतीला बाई येईल. नाही चढला तर दोघांची सोय वृद्धाश्रमात, आणि ती जिथे जागा निघेल तिथे. एकाच ठिकाणी दोन जागा निघाल्याचं या भागात कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

म्हणजे सगळं या पायांवर होतं. रोंडाला ते ठाऊक होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

तिने योजना लिहिली आणि चांगली लिहिली, कुणीही नावं ठेवू नयेत अशी. पिवळा पट्टा मनगटावर, न घसरणारे पिवळे मोजे पायात. बेड सगळ्यात खाली, चाकं बंद. घंटी आणि चष्मा हाताशी. रात्री लघवी वाढवायची गोळी नको, सकाळी द्या. झोपेची गोळी नकोच. आडवं आणि उभं असताना रक्तदाब मोजा. ठरावीक वेळाने स्वतःहून विचारा, जायचंय का. आणि दिवसातून तीनदा, कमरेला पट्टा बांधून, एक माणूस बरोबर घेऊन, चालवा. ते वाक्य तिने खाली रेघ मारून लिहिलं.

राहिला तो शेवटचा प्रश्न. समज.

आता यात गोम अशी होती. फिजिओ तपासेपर्यंत नव्या पेशंटला सरसकट एकच हुकूम असतो, माणूस बरोबर घेतल्याशिवाय उठायचं नाही. आणि आर्वो म्हणत होता, मी एकटा जातो. हुकूम एक, उत्तर दुसरं. कागदाच्या हिशेबाने याला आपल्या मर्यादेची समज नाही. पण तो हुकूम या माणसाकडे बघून कुणी दिलेलाच नव्हता! आत्ता डोळ्यांदेखत तो दरवाजापर्यंत जाऊन आला होता. त्याला स्वतःची समज पुरेपूर होती. गुणांची बेरीज कशीही झाली तरी जास्तच येणार होती, त्याने काही बिघडत नव्हतं. पण या वॉर्डात समजेच्या रकान्यात 'नाही'ची खूण पडली की बेडखाली अलार्म लागायचा. बूड उचललं की भोंगा.

रोंडाचं बोट संगणकाच्या कळेवर थांबलं.

गेल्याच महिन्यात वांडा कोझाक नावाच्या आजी होत्या. गोड बाई. 'मी घंटी वाजवीन बरं' म्हणाल्या होत्या. रोंडाने त्यांच्यापुढे खूण केली नाही. आजी घंटी न वाजवता उठल्या, बाथरूमच्या उंबऱ्यात पडल्या, खुबा मोडला आणि त्यातून काही वाचल्या नाहीत. नंतर सगळ्यांना गोल बसवून विचारणा झाली. कुणी ओरडलं नाही. मुख्य नर्स बेव्हर्लीने फक्त शांतपणे विचारलं, "अलार्म का नव्हता, रोंडा?" बाई ओरडली असती तर परवडलं असतं.

दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पिणार नाही तर काय करील? रोंडाने खूण केली.

"हे काय बसवताय खाली?" आर्वोने विचारलं.

"तुम्ही उठलात की आम्हाला कळतं."

"मी चोर आहे?"

"नाही हो. काळजी."

"बरं," तो म्हणाला, आणि त्याने खिडकीकडे तोंड वळवलं.

पहिला भोंगा दुसऱ्या दिवशी सकाळीच वाजला. रोंडा धावली, मदतनीस डॅनी धावला, कॉफीचा कप हातात असलेला कुणी डॉक्टरसुद्धा धावला. आर्वो बेडच्या कडेला पाय सोडून बसला होता. लघवी वाढवायची गोळी पोटात गेली होती, आणि ती काही नर्सची वाट बघत नाही.

"बसा! बसा!" डॅनी ओरडला.

"बसलोच आहे," आर्वो म्हणाला.

"घंटी का नाही वाजवलीत?"

"वाजवली. मग म्हटलं, तुम्ही याल तोवर माझं सगळं आटोपेल."

घंटी खरंच वाजली होती. पण घंटीला उशीर झाला तर कुणी मरत नाही. भोंग्याला उशीर झाला तर फलकावरचा आकडा जातो. तो फलक नर्सांच्या टेबलामागे होता. या वॉर्डात कुणी न पडता किती दिवस गेले, ते त्यावर रोज लिहायचं. वांडा कोझाकच्या दिवशी तो शून्यावर आला होता आणि आता पुन्हा चढत होता. ठरलेल्या टप्प्याला पोचला की रुग्णालयाच्या संचालकांकडून केक. केकचं कुणाला पडलं नव्हतं खरं तर. शून्य लिहिण्याची लाज होती सगळ्यांना.

डॅनीने त्याला उभं केलं, बाथरूमला नेलं, पण दार उघडं ठेवून समोर उभा राहिला. नियमच तसा, भोंगेवाल्या माणसाला आत एकटं सोडायचं नाही. डॅनी बिचारा छताकडे बघत होता. पूर्वी लाकडाच्या गिरणीत होता, संकोची माणूस.

"लष्करातसुद्धा पाठ करत होते," आर्वो म्हणाला.

त्या दिवशी रोंडाने त्याला एकदा चालवलं. दुसऱ्यांदा निघाली तेवढ्यात पलीकडच्या खोलीत कुणाचा श्वास अडकला. तिसऱ्यांदा कुणालाच सवड झाली नाही. मग तिच्या सुट्टीचे दिवस आले. फिजिओ मोइरा एकटीच दोन मजल्यांना पुरायची, आणि शस्त्रक्रियेचे पेशंट आधी. तुमचा न्यूमोनियावाला म्हातारा रांगेत.

सुट्टीवरून रोंडा परत आली आणि नाश्त्याचे ट्रे उचलताना तिला आर्वोच्या ट्रेवर कॉफीचा कप भरलेलाच दिसला. फिनिश माणूस आणि कॉफी तशीच? हे लोक मयताला दोन कप पितात!

"अहो आर्वो, कॉफी का नाही घेतली?"

"नको."

"कडू आहे?"

"प्यायलं की जावं लागतं." त्याचे ओठ सुकले होते. "जावं लागलं की तो भोंगा. मग सगळं गाव जमतं. परवा एक मुलगी येऊन म्हणाली, आजोबा, असू द्या, लंगोटातच करा, आम्ही बदलू." त्याने मान हलवली. "मी झाडं तोडलीत, पोरी. एवढी." त्याने हात पसरून दाखवले.

रोंडाने नोंदी काढून पाहिल्या. अलार्म चालू, प्रत्येक पाळीला. बेड खाली, मोजे, पट्टा, सगळं बिनचूक. चालवण्यापुढे मात्र 'पेशंट विश्रांती घेत आहे'. 'वेळ नाही'. 'पेशंट विश्रांती घेत आहे'. एकदा 'पेशंटने नकार दिला', आणि ती खरी गोष्ट असणार, कारण डॅनी त्याला जेवणाच्या ऐन वेळी न्यायला गेला होता. अलार्म विसरलात तर जाब द्यावा लागतो. चालवणं विसरलात तर कुणी विचारतसुद्धा नाही. एवढी साधी गोष्ट, आणि तिने रेघ मारून लिहिलेलं वाक्य कुणाच्या बापाला दिसलं नव्हतं.

तिने रक्तदाब मोजला. आडवा असताना ठीक, उभा केल्यावर धाडकन खाली. पाणी न प्यायल्याचा परिणाम. त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि गुडघे लटपटले. ताप गेला होता, छाती साफ झाली होती, रोग बरा झाला होता. इलाजानेच माणूस खाल्ला होता.

"काठी दे माझी," तो म्हणाला. "मी चालतो. बघ तू."

तिने कमरेला पट्टा बांधला, खांद्याखाली हात दिला. दरवाजा आला नाही. अर्ध्यातच त्याची पिवळी पावलं थांबली. ती पाठीमागून खुर्ची ओढत होती म्हणून बरं. तो खुर्चीत बसला आणि त्याने मान वर केली नाही.

रोंडा तडक बेव्हर्लीकडे गेली.

"हाकालाचा अलार्म काढायचाय. मी केलेली खूण चुकली. त्याला समज आहे. त्या भोंग्याच्या धाकाने तो पाणी पीत नाही."

बेव्हर्ली वाईट बाई नव्हती. तीन रात्री न झोपता पाळ्या जुळवत होती. तिने डोळे चोळले. "आज उभा करून बघितलास?"

"बघितला."

"कसा आहे?"

रोंडाला खोटं बोलता आलं नाही. "लटपटतोय."

"आणि अलार्म काढायचाय."

"अगं, आपल्यामुळेच लटपटतोय तो!"

"ते मला कळतंय. पण आज लटपटतोय ना? आज काढला आणि उद्या पडला, तर गोल बसवून कुणाला विचारतील?" बेव्हर्ली हळूच म्हणाली, "मोजमाप दर पाळीला नव्याने करायचं असतं. ते तुझ्या हातात आहे, माझ्या नाही. खूण काढायची तर काढ. मी आडवी येणार नाही."

मागितलं ते मिळालं आणि तेच अंगावर आलं, अशी रोंडाची गत झाली. तिला वाटलं होतं, बेव्हर्ली नाही म्हणेल, मग आपल्याला भांडता येईल, बडबडता येईल, गाडीत बसून रडता येईल. आता सगळं तिच्याच बोटावर आलं. तिने संगणकावर त्याची नोंद उघडली. कालच्या पाळीने परवाचं उचललं होतं, परवाच्या पाळीने त्याआधीचं. मुळाशी तिचीच खूण. तेव्हा ती खोटी होती. आणि आता? आता हा माणूस म्हणतोय मी चालतो, आणि अर्ध्या खोलीत बसतोय. आता ती खूण खरी झाली होती.

वांडा कोझाक आजींचे ते पांढरे केस बाथरूमच्या फरशीवर तिला पुन्हा दिसले. रोंडाने खूण तशीच ठेवली.

तिने हात टेकले असं नाही. ती कामावर असली की त्याला चालवायची, जवळ बसून कॉफी प्यायला लावायची, आधी बाथरूमला न्यायची आणि दाराबाहेर पाठ करून उभी राहायची. पण ती असायची किती? बाकीचे तास भोंग्याचे. आणि त्या वयात अंथरुणात गेलेलं मांस परत येत नाही. महिन्याची कमाई एका रात्रीत जुगारात जावी तसं जातं.

मोइरा आली तेव्हा तिच्या डोळ्यांखाली काळं होतं. तिने आर्वोला पलंगाच्या कडेवर बसवलं, वॉकर पुढे ठेवला, पायरीचा लाकडी ठोकळा आणला. फार मायेने बोलत होती. "चला, उजवा पाय वर."

आर्वोने पायाकडे बघितलं. पाय गेला नाही. त्याने दोन्ही हातांनी मांडी धरून उचलायचा प्रयत्न केला, तेव्हा मोइराने त्याचा हात धरला. "राहू द्या."

"उद्या जमेल," तो म्हणाला.

"मला थोडं आधी यायला हवं होतं," मोइरा रोंडाला बाहेर म्हणाली. "किती दिवस झालेत त्याला असं बसून?"

जागा लवकर निघाली, हेच नशीब म्हणून समाजसेविका सांगत होती. आर्वोला सरोवराच्या दुसऱ्या टोकाच्या गावात. हेल्मी सध्या भाचीकडे, पुढे बघू. दोघांमध्ये मोटारीने अख्खा दिवस, तोही बर्फातून रस्ता उघडा असला तर. आर्वोने हे ऐकून घेतलं. अशा वेळी त्याच्या वतीने बोलणारी हेल्मी, आणि ती तिथे नव्हती.

निघायच्या दिवशी भाची हेल्मीला घेऊन आली. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, डोळे दुधाळ. भाचीचा दंड सोडून ती आर्वोच्या चाकांच्या खुर्चीशी वाकली आणि हातांनी त्याला वरून खाली चाचपत गेली. चेहरा, खांदे, मांड्या. पोटरीशी आल्यावर तिचे हात थांबले. पिवळ्या मोज्याच्या वर तिने पुन्हा पुन्हा दाबून बघितलं, जणू कुठे राहिलं असेल.

"आर्वो," ती म्हणाली, "तुझं कुठं गेलं सगळं?"

"येईल परत," तो म्हणाला.

त्याच सकाळी फलक ठरलेल्या टप्प्याला पोचला होता. संचालकांनी केक पाठवला होता, वर पिवळ्या साखरेत काहीबाही लिहिलेलं. टेबलाभोवती सगळे जमले, टाळ्या झाल्या. बेव्हर्ली टाळ्या वाजवत होती पण रोंडाकडे बघत नव्हती. खुर्ची ढकलत रोंडा लिफ्टकडे निघाली, आणि लिफ्टची वाट त्या टेबलावरूनच जाते. डॅनीला काय करावं सुचेना. त्याने एक तुकडा कागदी बशीत घालून आर्वोच्या मांडीवर ठेवला. बर्चची काठी तिथेच आडवी होती. रोंडाने कपाटातून काढून, नवं रबर बसवून दिली होती. कशाला दिली कोण जाणे.

"साखरेचा वास येतोय," हेल्मी म्हणाली. तिचा एक हात खुर्चीच्या दांड्यावर होता, रोंडाच्या हाताला लागून. "वाढदिवस आहे कुणाचा?"

रोंडालाच बोलावं लागलं.

"नाही हो. इथे इतके दिवस कुणी पडलं नाही ना, म्हणून."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

"आणि हा?"

"हेही नाही पडले."

"एकदासुद्धा नाही?"

"एकदासुद्धा नाही."

हेल्मीने ते नीट ऐकून घेतलं. तिचा हात दांड्यावरून सरकत नवऱ्याच्या गुडघ्यावर गेला आणि तिथेच राहिला.

"मग याला उठता का येत नाही?" तिने विचारलं.

आर्वो मांडीवरच्या केककडे बघत होता. लिफ्ट आली, दार उघडलं, थोडा वेळ उघडंच राहिलं आणि बंद झालं. रोंडाने पुन्हा बटण दाबलं.